एका प्रश्नपत्रिकेचे चार वाटे

मासळीबाजारात कोळीण वाटे लावते तेव्हा टोपली उचलून चार ठिकाणी ओतत नाही. आधी मोठे बांगडे एकेक करून चारही वाट्यांवर ठेवते, मग मध्यम, आणि शेवटी उरलेला बारीक माल. कोणताही वाटा उचलला तरी गिऱ्हाइकाला कुरकुर करायला जागा उरत नाही. प्रश्नपत्रिकेचे अ, ब, क, ड असे चार संच काढतानाही हेच करायचं असतं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा टोपली ओतली जाते: चाळीस प्रश्न संगणकावर चार वेळा पिसले आणि छापायला पाठवले.

प्रश्न चारही संचांत तेच, मग एखादा संच अवघड होईलच कसा? बेरीज तीच राहते हे खरं, पण मूल प्रश्न बेरजेने सोडवत नाही, क्रमाने सोडवतं. सुरुवातीलाच दोन-तीन कठीण प्रश्न आले की त्यांच्यावर वेळ जातो आणि धीरही सुटतो. मग शेवटचे प्रश्न येत असूनही हात न लावता राहतात. घड्याळ जितकं आवळलेलं, तितका हा परिणाम मोठा. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, एवढ्यात तो जाणवण्याजोगा असतो.

आणि नुसत्या पिसण्यात असं घडणं दुर्मीळ नाही. चाळीसपैकी आठ प्रश्न कठीण असतील, तर पहिल्या पाचांत तीन किंवा अधिक कठीण येण्याची शक्यता एका संचासाठी साधारण ४.६ टक्के भरते. संच चार असल्यामुळे त्यांतल्या निदान एकाची सुरुवात अशी होण्याची शक्यता सुमारे १७ टक्के होते. म्हणजे सहा परीक्षांमागे एकीत निदान एक चतुर्थांश मुलांच्या हाती उगाच खडतर सुरुवातीचा संच पडतो.

उदाहरणादाखल दापोली-हर्णै पट्ट्यातल्या काही शाळांनी मिळून नववीची विज्ञानाची सराव परीक्षा घ्यायची ठरवली आहे असं समजू. मुलं १२०, बहुपर्यायी प्रश्न ४०, प्रत्येकाला एक गुण, वेळ एक तास.

पहिलं काम प्रश्नांची प्रतवारी. प्रश्न आधी कधी वापरलेला असेल तर किती टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं, हा आकडा सर्वांत विश्वासाचा. ७५ टक्क्यांच्या वर सोपा, ४५ ते ७५ मध्यम आणि त्याखाली कठीण, असं धरून चालेल. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी २५ टक्के बरोबर येतात. त्यामुळे आकडा पंचवीसच्या आसपास किंवा खाली असेल तर प्रश्न कठीण नसून बहुधा सदोष आहे. तो बाहेर काढून तपासावा. जुना आकडा नसेल तर दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता प्रत लावावी आणि जिथे दोघांचं जुळत नाही तेवढ्याच प्रश्नांवर बसून बोलावं. आकडा कुठल्या मुलांचा आहे हेही पाहावं लागतं. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे हर्णैच्या मुलाला पुस्तकाआधी ठाऊक असतं. तोच प्रश्न घाटावरच्या शाळेत कठीण निघू शकतो. तिकडचा आकडा उचलून इकडे लावला की प्रतवारी तिथेच चुकली.

समजा १६ सोपे, १६ मध्यम आणि ८ कठीण प्रश्न हाती आले. आता वाटे लावायचे. सोपे प्रश्न आकड्यानुसार उतरत्या क्रमाने मांडा आणि १, २, ३, ४ अशा वाट्यांवर टाका. पुढचे चार उलट दिशेने ४, ३, २, १ असे. पुन्हा सुलट, पुन्हा उलट. दर वेळी पहिल्या वाट्यापासूनच सुरुवात केली तर सर्वांत सोपा माल दर फेरीत त्याच वाट्यावर पडत राहतो, म्हणून ही नागमोडी चाल. मध्यम आणि कठीण प्रश्नही असेच वाटा. प्रत्येक वाट्यात ४ सोपे, ४ मध्यम, २ कठीण असे दहा प्रश्न येतात. वाट्यातल्या टक्केवाऱ्यांची बेरीज करून शंभराने भागली की त्या वाट्यावर सरासरी किती गुण मिळतील ते कळतं. समजा ६.३, ६.२, ६.४, ६.२ असं आलं, तर वाटे जमले. एखादा ५.७ वर गेला तर एक मध्यम प्रश्न शेजारच्या वाट्याशी अदलाबदल करावा. प्रकाशाचे सगळे प्रश्न एकाच वाट्यात गेलेले नाहीत ना, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

मग प्रत्येक संचात वाटे या क्रमाने लावायचे:

संच अ: १, २, ३, ४
संच ब: २, ४, १, ३
संच क: ३, १, ४, २
संच ड: ४, ३, २, १

हा क्रम मुद्दाम निवडलेला आहे. उभ्या रांगा पाहा: प्रत्येक वाटा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकेकदाच येतो. शिवाय कोणत्याही वाट्याच्या लगेच मागे दुसरा कोणताही वाटा बरोबर एकदाच येतो. वाट्यांत थोडा फरक राहिलाच, तरी तो एका संचाच्या माथी बसत नाही.

आता वाट्याच्या आतली पिसणी. ती नसेल तर ‘तुझा अकरावा तो माझा पहिला’ हे मुलं पाच मिनिटांत ओळखतात. पण इथेही जागा ठरलेल्या ठेवायच्या: दहा जागांपैकी १, २, ६, ८ सोप्यांसाठी, ३, ४, ७, ९ मध्यमांसाठी, ५ आणि १० कठीणांसाठी. सोपे प्रश्न फक्त सोप्यांच्या जागांत फिरतात. त्यामुळे तेविसावा प्रश्न चारही संचांत वेगळा असला तरी प्रत एकच राहते.

हे साध्या स्प्रेडशीटवर जमतं. मूळ क्रमांक, वाटा, प्रत (१ सोपा, २ मध्यम, ३ कठीण), योग्य उत्तर आणि `=RAND()` असे पाच स्तंभ करा. वाटा, मग प्रत, मग यादृच्छिक आकडा या क्रमाने सगळे स्तंभ एकत्र सॉर्ट करा. प्रत्येक वाट्याच्या दहा ओळींसमोर १, २, ६, ८, ३, ४, ७, ९, ५, १० असे जागांचे आकडे भरा. त्या संचात वाटा कितवा येतो तो आकडाही प्रत्येक ओळीसमोर भरून, आधी त्या आकड्याने आणि मग जागेनुसार पुन्हा सॉर्ट केलं की संच तयार. `RAND()` मात्र शीटमध्ये काहीही बदललं की नवे आकडे देतो. प्रश्नपत्रिका सकाळच्या क्रमाने छापली आणि उत्तरसूची दुपारच्या क्रमाने, हा घोटाळा इथूनच होतो. म्हणून संच तयार होताच तो ‘फक्त मूल्ये’ म्हणून वेगळ्या पानावर चिकटवावा आणि छपाई व उत्तरसूची दोन्ही त्याच पानावरून काढावीत. मूळ क्रमांक कधीही पुसू नये.

काही प्रश्न पिसता येत नाहीत. भरतीचा आलेख देऊन त्यावर तीन प्रश्न असतील (लागोपाठच्या दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, वगैरे) तर ते तिघे एकत्रच राहायला हवेत. त्यांना वाट्यातल्या ६, ७, ८ या जागा कायमच्या द्याव्यात आणि उरलेले सात फिरवावेत. दुसरी अडचण जास्त लपलेली असते. एका प्रश्नाचं विधान ‘अमावास्येला येणाऱ्या उधाणाच्या भरतीच्या वेळी…’ असं सुरू होतं आणि दुसरा प्रश्न विचारतो, उधाणाची भरती कधी येते? एका संचात हे विधान नेमकं दोन प्रश्न आधी येतं आणि उत्तर फुकटात मिळतं. दुसऱ्या संचात ते तीस प्रश्नांनी मागे पडतं. अशा जोड्या शोधण्यासाठी प्रश्न एकदा फक्त याच नजरेने वाचावे लागतात. संगणक ते सांगत नाही.

पर्यायही पिसावेत का? शेजाऱ्याचं उत्तर उचलण्याला आळा घालायला प्रश्नांचा क्रम पुरतो. पर्याय पिसले की ‘वरीलपैकी सर्व’ मधल्या जागी जातं, ‘पर्याय १ आणि २ दोन्ही’ निरर्थक होतं, आणि चढत्या क्रमातले आकडे विस्कटून वाचणाऱ्याचा वेळ खातात. उत्तरसूची चुकण्याची वाट वाढते ती वेगळीच. शाळेच्या पातळीवर ते न केलेलं बरं. पर्यायांना १ ते ४ असे आकडे द्यावेत, म्हणजे ‘अ’ म्हणजे संच की पर्याय, हा गोंधळ होत नाही.

वर्गात पहिल्या ओळीत अ ब अ ब, दुसऱ्या ओळीत क ड क ड, तिसऱ्यात पुन्हा अ ब, असं वाटप करावं. मग बाजूचा, पुढचा, मागचा आणि तिरका, कोणताही शेजारी त्याच संचाचा नसतो. दोन किंवा तीन संचांनी हे साधत नाही, कारण चौकोनात बसलेली चार मुलं एकमेकांची शेजारी असतात. आणि पाचव्याची गरज नाही. संच जागेला द्यायचा, मुलाला नाही. गैरहजर मुलाची प्रत पुढच्याला सरकवली की सगळी रांग बिघडते. एका शाळेला एकच संच हे तर कधीच नको, कारण मग संच अवघड होता की शाळा कच्ची, हे सांगता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होतो, झेरॉक्स यंत्र दोन कागद एकदम ओढतं आणि मधलं पान कोरं जातं किंवा गळतं. प्रत्येक संचात गळालेले प्रश्न वेगळे असल्याने ते नंतर निस्तरणं अवघड. पानं वाटण्याआधी मोजावीत.

निकालानंतर संचांच्या सरासऱ्या बघितल्या जातात, आणि तिथे घाईने बोंब होते. संचामागे ३० मुलं आणि गुणांचं प्रमाण विचलन ६ असेल तर दोन संचांच्या सरासरीत तीनेक गुणांपर्यंतचा फरक केवळ योगायोगानेही पडतो. २४.१ विरुद्ध २५.८ यावरून काहीच ठरत नाही. जास्त बोलकी तपासणी प्रश्नवार असते. मूळ क्रमांक १७ चं उत्तर तीन संचांत २१, २२ आणि १९ मुलांनी बरोबर दिलं आणि संच क मध्ये फक्त चौघांनी, तर मुलं चुकलेली नाहीत, संच क ची उत्तरसूची चुकली आहे. एका संचात लागोपाठचे आठ-दहा प्रश्न एकदम कोसळले असतील तर पानच गेलंय.

उरतो तो उत्तरपत्रिकेवर संचाचं अक्षर लिहायला विसरलेला विद्यार्थी. दर परीक्षेत असा एखादा निघतोच. त्याची पत्रिका चारही सूचींनी तपासावी. खरी सूची लागली की २७ गुण येतात आणि बाकीच्या तीन सूचींवर दहाच्या आसपास, म्हणजे अंदाजाने मिळतील तेवढेच. पण चारही सूचींवर ९, ११, १२, १० असे आले तर यातून संच ओळखता येत नाही. तिथे बैठक आराखडा काढून तो कोणत्या बाकावर बसला होता, हेच पाहावं लागतं.