ताप किंवा बाळंतपणानंतर केस गळताहेत? बाटली परत पाठवण्याआधी हे वाचा

"तुमचं तेल लावलं आणि केस मुठीने जायला लागले," असे फोन आम्हाला दिवाळीनंतर हमखास येतात. आमचा पहिला प्रश्न एकच असतो: दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का, किंवा बाळंतपण झालं का?

एका ताईंना सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला. ऑक्टोबरात तब्येत सुधारली, दिवाळीत आमचं तेल सुरू केलं आणि नोव्हेंबरअखेर न्हाणीघराची जाळी तुंबायला लागली. तेलावर संशय येणारच. पण त्या केसांचा निकाल सप्टेंबरातच लागला होता. जोराच्या तापात एरवीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम वाढ थांबवतात, मात्र सुमारे तीन महिने डोक्यावर तसेच टिकून राहतात. मग दुधाच्या दातासारखं होतं, खालून नवा आला की जुना सुटतो. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो असा मुळापासून सुटलेला केस. गाठ नसेल तर बहुधा मधेच तुटलेला.

डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. बाळंतिणीचं थोडं वेगळं. गरोदरपणात जे केस गळायचे राहिले, ते बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की एकत्र जातात. बाळाच्या वाढदिवसापर्यंत केस बहुतेक पूर्ववत होतात. अंगावर पाजल्यामुळे केस जातात असं घरात कोणी म्हणालं, तरी पाजणं थांबवू नका.

खरा घोळ पुढे होतो. गळती तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते, पण तेवढा धीर नसल्यामुळे दर पंधरा दिवसांनी तेल, शाम्पू, गोळ्या बदलल्या जातात. त्या ताईंनीही कांद्याचा रस, मग बायोटिन, मग महागडं सिरम घेतलं. मार्चमध्ये कपाळाशी बोटभर उभे केस दिसले आणि श्रेय सिरमला गेलं! (बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.)

धुण्याच्या भीतीने आठ-आठ दिवस डोकं न धुणाऱ्याही खूप. सुटलेले केस साठतात आणि एकाच दिवशी ढीग दिसतो, एवढंच.

आमचं तेल ही गळती थांबवत नाही, कोणतंच तेल थांबवत नाही. त्याने गुंता कमी होतो, केस कमी तुटतात. हलक्या हाताने, धुण्याआधी तासभर लावा. चाईसारखे गोल चट्टे पडले, टाळूला खाज-खपल्या असल्या, भांग रुंद होत चालला, की आमच्याकडे नको, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सहा महिने उलटूनही गळती तशीच असेल तरीही. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला सांगतील.

उघडलेली बाटली आम्ही परत घेत नाही. कोणाच्या डोक्याला लागलेलं तेल दुसऱ्याला देता येत नाही. शंका असेल तर आधी छोटी बाटली न्या.