आजोबांचं मत बदललं की फक्त फोन बदलला?

सर्व्हेमध्ये प्रश्न तोच, शब्द तेच, पण फोनवर विचारला की उत्तर वेगळं आणि स्क्रीनवर विचारला की वेगळं, असं खरंच होतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने साधारण 3,000 जणांचे दोन गट पाडले, अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखे, एकाला फोन केला आणि दुसऱ्याला ऑनलाइन फॉर्म दिला. घरच्या आयुष्याबद्दल "खूप समाधानी" म्हणणारे फोनवर 62 टक्के निघाले, ऑनलाइन फक्त 44. आता अनोळखी बाईला फोनवर कोण सांगणार की घरात रोज भांडणं होतात म्हणून! स्क्रीनला काय, तिच्यापुढे लाजायचं कारणच नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र लाजेशिवाय अजून एक भानगड आहे, ती म्हणजे लक्षात ठेवण्याची. अमेरिकेत एक जुना प्रश्न आहे, घटस्फोट मिळणं सोपं व्हावं, अवघड व्हावं की आहे तसंच राहावं? हे फोनवर ऐकताना तिन्ही पर्याय डोक्यात धरून ठेवायचे, त्यांची तुलना करायची आणि मग बोलायचं, आणि वय वाढलं की नेमकं हेच जड जातं, म्हणून जो पर्याय सगळ्यात शेवटी कानावर पडला तोच तोंडातून येतो. मानसशास्त्रज्ञ बार्बेल क्नॉयपर यांनी 1999 मध्ये असे प्रश्न वयानुसार तपासले तेव्हा हा शेवटच्या पर्यायाकडचा ओढा ज्येष्ठांमध्ये तरुणांपेक्षा बराच जास्त दिसला.

म्हणजे बघा, "अवघड व्हावं" शेवटी वाचलं तर आपण म्हणणार जुनी पिढी घटस्फोटाच्या विरोधात आहे, आणि "सोपं व्हावं" शेवटी वाचलं तर हीच पिढी एकदम मोकळ्या विचारांची वाटायला लागणार. हे ओळखायचं कसं, तर अर्ध्या लोकांना पर्याय उलट्या क्रमाने वाचायचे, खरं मत असेल तर आकडे फारसे हलत नाहीत.

कागदावर किंवा समोर कार्ड धरून विचारलं तर पर्याय नजरेसमोर राहतात, परत वाचता येतात, डोक्यावरचा भार कमी होतो (तिथे उलट पहिल्या पर्यायाकडे थोडं झुकतं, पण ते असो). समोरासमोर बसलं की ऐकू नाही आलं तरी प्रश्न परत सांगता येतो, पण मग शेजारी सूनबाई बसलेली असते आणि "घरात तुमची काळजी घेतात का" याचं उत्तर काय येणार ते आपल्याला माहितीच आहे.

आणि अजून एक, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या आजोबांची फोनवरच्या आजोबांशी थेट तुलना करू नये, कारण सत्तरीत स्वतः फॉर्म भरणारा माणूस बहुतेकदा जास्त शिकलेला आणि तब्येतीने बरा असतो, त्यामुळे फरक फोनमुळे पडला की माणसामुळे हे कळतच नाही, ते कळायला प्यूसारख्या चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात.