प्रकल्प क्रॅशिंग (लिनिअर प्रोग्रॅमच्या रूपात)

प्रकल्पातील काही कामे जादा पैसा खर्चून नेहमीपेक्षा लवकर उरकणे आणि त्यातून संपूर्ण प्रकल्पाची मुदत कमी करणे, याला प्रकल्प क्रॅशिंग म्हणतात. जादा पाळी, जादा माणसे, भाड्याची यंत्रे, लवकर घट्ट होणारे सिमेंट असे त्याचे मार्ग असतात. कोणते काम किती दिवसांनी आखडले म्हणजे ठरलेल्या मुदतीत प्रकल्प संपेल आणि जादा खर्चही कमीत कमी होईल, हा त्यातला खरा प्रश्न. तो लिनिअर प्रोग्रॅम म्हणून, म्हणजे रेषीय बंधनांत राहून खर्च कमीत कमी करण्याचे गणित म्हणून मांडता येतो. हाताने केलेल्या हिशेबात एक पर्याय हमखास नजरेआड होतो, तो या मांडणीत आपोआप सापडतो.

ही मांडणी क्रिटिकल पाथ पद्धतीइतकीच जुनी आहे. ड्युपाँ कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधील जेम्स केली यांनी १९५७ पासून ही पद्धत उभी केली, तेव्हा वेळ आणि खर्च यांचा मेळ घालणे हा तिचा मूळ हेतूच होता. सर्वांत लांब, म्हणजे क्रिटिकल मार्ग शोधणे ही त्यातली पहिली पायरी होती. पुढे अनेक ठिकाणी तेवढीच पायरी शिकवली जाऊ लागली आणि खर्चाचा भाग मागे पडला. १९६१ मध्ये केली आणि डी. आर. फुल्करसन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की हा प्रोग्रॅम कामांच्या जाळ्यातील प्रवाहाच्या रीतीने झपाट्याने सोडवता येतो.

एक छोटा प्रकल्प

कारखान्यात जुन्याच्या जागी नवे यंत्र बसवायचे आहे. कामे पाच. जागा रिकामी झाल्यावरच पाया घालता येतो आणि वायरिंगलाही हात लावता येतो. यंत्र आणण्याचे काम पहिल्या दिवसापासून स्वतंत्रपणे चालू असते. पाया तयार आणि यंत्र हजर, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या की बसवणी सुरू होते. वायरिंग आणि बसवणी दोन्ही संपल्या की प्रकल्प संपला. खर्चाचे आकडे एककांत दिले आहेत.

| काम | नेहमीचे दिवस | किमान दिवस | एक दिवस वाचवण्याचा खर्च |
|---|---|---|---|
| A जागा रिकामी करणे | ६ | ४ | ५ |
| B यंत्र आणणे | ८ | ६ | ४ |
| C पाया | ५ | २ | ३ |
| D वायरिंग | ८ | ६ | ४ |
| E बसवणी | ६ | ४ | ५ |

सुरुवातीपासून शेवटापर्यंत तीन मार्ग आहेत. जागा, पाया, बसवणी हा १७ दिवसांचा. जागा आणि वायरिंग हा १४ दिवसांचा, आणि यंत्र व बसवणी हाही १४ दिवसांचाच. म्हणजे काहीही न आखडता प्रकल्पाला १७ दिवस लागतात.

हाताचा नियम कुठे अडतो

रूढ नियम असा: क्रिटिकल मार्गावरचे सर्वांत स्वस्त काम एका दिवसाने आखडा, मार्ग पुन्हा तपासा, पुन्हा तेच करा. येथे पाया सर्वांत स्वस्त आहे. तो ५ वरून २ दिवसांवर आणला की ९ एकक खर्चात मुदत १७ वरून १४ वर येते. इथवर नियम अगदी बरोबर चालतो.

आता तिन्ही मार्ग १४ दिवसांचे झाले, म्हणजे तिन्ही एकदम आखडावे लागतील. जागा आणि यंत्र ही दोन कामे एकेका दिवसाने कमी केली तर खर्च ५ अधिक ४, म्हणजे ९. वायरिंग आणि बसवणी घेतली तरी ९. जागा आणि बसवणी ही जोडी १० एककांची, म्हणून नियम पाळणारा ती बाजूला ठेवतो आणि दिवसाला ९ मोजत १२ दिवसांपर्यंत पोहोचतो. एकूण जादा खर्च २७ होतो.

बाजूला ठेवलेल्या त्या जोडीकडे नीट पाहिले पाहिजे. जागा आणि बसवणी एकेका दिवसाने आखडली की दोन-दोन कामांचे दोन मार्ग एका दिवसाने कमी होतात, पण जागा, पाया, बसवणी हा मार्ग दोन दिवसांनी कमी होतो, कारण ही दोन्ही कामे त्याच्यावर आहेत. तिथे एक दिवस फुकट वाचला. मग पायाची घाई एका दिवसाने सैल करता येते आणि तिथे घातलेले ३ एकक परत मिळतात. निव्वळ खर्च १० वजा ३, म्हणजे ७. आधी आखडलेले काम पुन्हा सैल करायचे ही चाल रूढ नियमात नाहीच, कारण तो नेहमी एकाच दिशेने जातो. दोनदा ही चाल केली की १२ दिवसांची मुदत २३ एककांत साधते.

प्रोग्रॅमची मांडणी

दोन प्रकारचे चल लागतात. प्रत्येक टप्पा कधी गाठला जातो ती वेळ x, आणि प्रत्येक काम किती दिवसांनी आखडले ते y. प्रकल्पाची सुरुवात शून्यावर धरली की x2 म्हणजे जागा रिकामी झाल्याची वेळ, x3 म्हणजे बसवणी सुरू करता येण्याची वेळ आणि x4 म्हणजे प्रकल्पाचा शेवट. प्रत्येक कामासाठी एकच बंधन: पुढचा टप्पा आणि मागचा टप्पा यांच्यातले अंतर त्या कामाच्या आखडलेल्या कालावधीपेक्षा कमी नसावे. हाच प्रोग्रॅम सॉल्व्हरला, म्हणजे असे प्रोग्रॅम सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, असा दिला जातो:

```
Minimize
 cost: 5 yA + 4 yB + 3 yC + 4 yD + 5 yE
Subject To
 rA: x2 + yA >= 6
 rB: x3 + yB >= 8
 rC: x3 - x2 + yC >= 5
 rD: x4 - x2 + yD >= 8
 rE: x4 - x3 + yE >= 6
 due: x4 <= 12
Bounds
 yA <= 2
 yB <= 2
 yC <= 3
 yD <= 2
 yE <= 2
End
```

उत्तर येते ते असे: `yA = 2`, `yE = 2`, `yC = 1`, बाकीचे शून्य, आणि खर्च २३. टप्पे ४, ८ आणि १२ व्या दिवशी गाठले जातात. मार्गांची यादी कुठेही करावी लागली नाही, ही या मांडणीची मोठी सोय आहे. खऱ्या प्रकल्पात मार्गांची संख्या कामांच्या मानाने बेसुमार वाढते, पण बंधने कामाला एक एवढीच राहतात. शिवाय सर्व कालावधी आणि मुदत पूर्ण दिवसांत असतील, तर चलांवर पूर्णांकाची अट न घालताही पूर्ण दिवसांतले सर्वोत्तम उत्तर मिळतेच. बंधनांची रचना जाळ्याची असल्यामुळे हे घडते.

मुदत बदलत नेली तर

`due` ची उजवी बाजू १७ पासून खाली आणत गेलो की खर्चाची रेषा तीन तुकड्यांत चढते. १७ ते १४ पर्यंत दिवसाला ३, १४ ते १२ पर्यंत ७, आणि १२ ते १० पर्यंत ११. शेवटच्या तुकड्यात जागा आणि बसवणी आपापल्या किमान दिवसांवर अडकलेली असतात, म्हणून यंत्र, वायरिंग आणि पाया तिन्ही एकदम आखडावी लागतात. १० दिवसांना एकूण खर्च ४५ होतो आणि सगळीच कामे तळाला टेकतात. ९ दिवस मागितले तर सॉल्व्हर उत्तर नाही असे सांगतो. या सगळ्यात पायाचा प्रवास पाहण्यासारखा आहे: ५ दिवसांवरून २ वर, तिथून पुन्हा ४ वर, आणि शेवटी परत २ वर.

मुदतीच्या बंधनाची छाया-किंमत, म्हणजे आणखी एक दिवस कमी करण्याचा भाव, सॉल्व्हर उत्तरासोबतच देतो. मुदत १३ असताना ती ७ असते (चिन्ह ऋण, कारण मुदत वाढली की खर्च घटतो). बरोबर १२ वर मात्र रेषा वळते, म्हणून तिथे ७ ते ११ मधला कोणताही आकडा दिसू शकतो. अशा वळणावरची छाया-किंमत पाहून निर्णय घेऊ नये. मुदत थोडी वरखाली करून दोन्हीकडचा भाव पाहावा.

कामांच्या छाया-किमती तर याहून बोलक्या आहेत. १३ दिवसांच्या मुदतीला त्या अशा येतात: जागा ५, वायरिंग २, पाया ३, यंत्र २, बसवणी ५. सुरुवातीच्या टप्प्यातून ५ आणि २ मिळून ७ निघतात, जागेच्या ५ मधले २ वायरिंगकडे आणि ३ पायाकडे वळतात, पायाचे ३ आणि यंत्राचे २ बसवणीत मिळतात, आणि शेवटी ७ पोहोचतात. हा जाळ्यातून वाहणारा प्रवाहच आहे, आणि एक दिवस वाचवण्याचा भाव म्हणजे त्या प्रवाहाचा आकडा. फुल्करसनची रीत याच दुव्यावर उभी आहे. जागा आणि बसवणी यांच्यातून जाळे कापले की पाया त्या छेदाला उलट्या दिशेने ओलांडतो, आणि उलट दिशेच्या कामाचा खर्च वजा होतो. वरची सैल करण्याची चाल ती हीच.

रोजचा खर्च जोडल्यावर

देखरेख, भाडे, बंद पडलेले उत्पादन असा प्रकल्प चालू असेपर्यंत दररोज लागणारा अप्रत्यक्ष खर्च ८ एकक आहे असे धरू. मग मुदत आधी ठरवायची गरज नाही: `due` काढून टाकायचे आणि उद्दिष्टात `8 x4` मिळवायचे. उत्तर १२ दिवस येते, एकूण खर्च ९६ अधिक २३, म्हणजे ११९. हाताच्या नियमाने चालणारा मात्र १४ वर थांबतो, कारण त्याच्या हिशेबात पुढचा दिवस ९ ला पडतो आणि वाचतात फक्त ८. त्याचा एकूण खर्च १२१. तोटा दोनच एककांचा, पण चुकलेले दिवसही दोन आहेत, आणि आपण चुकलो हे त्याला त्याच्या तक्त्यावरून कधीच कळत नाही.

मांडताना होणाऱ्या चुका

सर्वांत घातक चूक म्हणजे कामांच्या बंधनांत `>=` ऐवजी `=` लिहिणे. मग कुठल्याच कामाला मोकळा वेळ उरत नाही. यंत्र आठव्या दिवशी आले की त्याच दिवशी बसवणी सुरू झालीच पाहिजे असा अर्थ होतो, आणि पाया उगाच आखडला जातो. तपासायला सोपी खूण आहे: मुदत १७ दिली तर खर्च शून्य यायला हवा. `=` असलेला प्रोग्रॅम ९ दाखवतो. y च्या वरच्या मर्यादा विसरल्या तर एखादे काम शून्याखालच्या कालावधीवरही जाऊ शकते, म्हणून उत्तरातले कालावधी एकदा तक्त्याशी ताडून पाहावेत.

मांडणीची खरी मर्यादा मात्र खर्चाच्या आकारात आहे. प्रत्येक वाचवलेला दिवस सारख्याच भावाने मिळतो असे येथे धरले आहे. पुढचा दिवस आधीच्यापेक्षा महाग पडत असेल तर y चे तुकडे करून हाच प्रोग्रॅम चालतो, कारण स्वस्त तुकडा आपोआप आधी वापरला जातो. पण पायासाठी लवकर घट्ट होणारे सिमेंट एकदा घेतले की तिन्ही दिवस एकदम वाचतात आणि न घेतल्यास एकही वाचत नाही, अशी स्थिती असेल तर दिवसाला ३ एकक हा भाव काल्पनिक ठरतो. मग १२ दिवसांच्या उत्तरातला ४ दिवसांचा पाया प्रत्यक्षात घालताच येत नाही. अशा हो-नाही निवडींसाठी ० किंवा १ घेणारे चल लागतात, आणि हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-हार्ड आहे, म्हणजे मोठ्या प्रकल्पांसाठी तो झपाट्याने सोडवण्याची खात्रीची रीत माहीत नाही. त्यामुळे तक्ता भरण्याआधी प्रत्येक कामाच्या माणसाला विचारून घ्यावे की वेळ दिवसादिवसाने विकत मिळतो की एकगठ्ठा.