वर्षभरात दवाखान्याच्या किती फेऱ्या? या प्रश्नाला साधं रिग्रेशन का पुरत नाही

गोवंडी-मानखुर्दसारख्या वस्तीत मनपाचा दवाखाना चालत दहा मिनिटांवर असला, तर लोक जास्त वेळा तिथे जातात का? की रिक्षाने जावं लागलं तरी जाणारा जातोच, आणि टाळणारा शेजारी राहूनही टाळतो? अशा प्रश्नासाठी माणशी एका वर्षातल्या फेऱ्या मोजल्या की समोर येतात ते ०, १, २, ३ असे आकडे. खाली घेतलेला नमुना मी हिशेबासाठी बनवला आहे, पण त्याची ठेवण अशा नोंदींमध्ये नेहमी दिसते तशीच आहे.

समजा, २०० प्रौढ आहेत: १०० जवळचे, १०० लांबचे. वर्षभरात ११० जण एकदाही दवाखान्यात गेले नाहीत. ३४ जण एकदा गेले, १८ दोनदा, १२ तीनदा, आणखी १८ जण चार ते सहा वेळा. उरलेल्या आठांनी आठ किंवा त्याहून जास्त फेऱ्या मारल्या, त्यातल्या दोघांनी तर पंधरा-पंधरा. एकूण फेऱ्या २७४, म्हणजे सरासरी माणशी १.३७.

साधं रिग्रेशन सरासरीची रेष काढतं आणि तिच्याभोवतीचा पसारा घंटेच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना सारखा आणि सगळीकडे तेवढाच आहे असं धरून चालतं. आपल्या आकड्यांचं प्रमाण विचलन २.४२ येतं. म्हणजे घंटेच्या हिशेबाने दोन-तृतीयांश लोक उणे १.०५ आणि ३.७९ फेऱ्यांच्या मध्ये असायला हवेत. उणे एक फेरी कशी मारायची, ते कोणी सांगावं! प्रत्यक्षात त्या पट्ट्यात २०० पैकी १७४ जण बसतात, म्हणजे ८७ टक्के. उलट वरच्या टोकाला दहा-पंधरा फेऱ्यांची चार माणसं आहेत. तिथे एकही सापडेल अशी घंटेला फारशी अपेक्षा नव्हती.

उणे फेऱ्या नजरेत भरतात, पण त्याहून मोठी अडचण पसाऱ्याची आहे. ज्या गटाची सरासरी अर्धी फेरी आहे, तिथे आकडे शून्य-एकच्या आसपास गर्दी करणार. सरासरी चार असेल, तिथे कोणी शून्यावर तर कोणी बारावर. सरासरी वाढली की पसाराही वाढतो, आणि साधं रिग्रेशन हे मानायलाच तयार नसतं. काही जण यावर फेऱ्यांचा लॉग घेऊन वाट काढतात. पण शून्याचा लॉग नसतो, म्हणून सगळ्यांत एक मिळवायचा, आणि मग तो एक मिळवल्यानेच उत्तर हलतं. हा उपाय मला कधीच पटला नाही.

मोजलेल्या आकड्यांसाठी पहिला मार्ग म्हणजे पॉइसाँ रिग्रेशन. यात लॉग घेतला जातो तो सरासरीचा, एकेका माणसाच्या आकड्याचा नाही. त्यामुळे शून्यं जशीच्या तशी राहतात, अंदाज कधी उणे जात नाही, आणि उत्तर ‘इतक्या पट’ असं मिळतं. जवळच्यांच्या फेऱ्या १५५, लांबच्यांच्या ११९. म्हणजे जवळच्यांच्या फेऱ्या लांबच्यांच्या १.३० पट.

इथेच मुंबईची एक खास गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्यात आणि गणपतीला माणसं गावी जातात. वर्षातले दहाच महिने इथे असलेल्या माणसाच्या दोन फेऱ्या बारा महिने राहिलेल्याच्या दोन फेऱ्यांबरोबर तोलता येत नाहीत. म्हणून माणूस किती महिने नजरेखाली होता, त्याचा लॉग समीकरणात ‘ऑफसेट’ म्हणून घालतात. मग तुलना महिन्याच्या दराची होते. आपल्या २०० जणांना मात्र आपण पूर्ण वर्ष इथेच ठेवलं आहे.

पॉइसाँचीही एक अट आहे: पसाऱ्याचं माप, म्हणजे व्हेरिअन्स, सरासरीइतकंच असलं पाहिजे. ही अट तंतोतंत पाळणारं जुनं उदाहरण १८९८ सालचं. बोर्टकिएविच यांनी प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्यांची नोंद तपासली. सैन्याच्या दहा कोअर तुकड्या, वीस वर्षं, मृत्यू १२२, एका कोअरमागे वर्षाला सरासरी ०.६१ आणि व्हेरिअन्सही ०.६१. घोडा लाथ मारताना मागच्या वर्षी कोणाला मारली ते बघत नाही, म्हणून हिशेब जुळला.

दवाखान्याचं तसं नाही. आपल्या नमुन्यात सरासरी १.३७, पण व्हेरिअन्स ५.८६, म्हणजे चौपटीहून जास्त. पॉइसाँच्या मते १.३७ सरासरीला २०० पैकी ५१ जणांची पाटी कोरी असायला हवी, आणि आहेत ११०. कारण उघड आहे. मधुमेहाची आजी दर महिन्याला केसपेपर घेऊन गोळ्यांच्या रांगेत असते, आणि तिच्याच घरातला नातू तापातही केमिस्टकडून गोळी घेऊन कामावर जातो. दोघांची सरासरी एकच मानणं चुकीचं. शिवाय एक फेरी दुसरीला जन्म देते: ‘परवा ड्रेसिंगला या’, ‘रिपोर्ट घेऊन या’. लाथांसारख्या या फेऱ्या एकमेकींपासून सुट्या नाहीत.

याची किंमत निष्कर्षात मोजावी लागते. पॉइसाँ रिग्रेशन १.३० पटीला ९५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा, देतं १.०३ ते १.६५. एक म्हणजे ‘काही फरक नाही’. मर्यादा एकच्या वर राहिल्यामुळे ‘जवळच्या दवाखान्याने फेऱ्या वाढतात’ असा मथळा तयार. पण ती मर्यादा काढताना पसारा खऱ्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी धरला आहे. गंमत म्हणजे ज्या साध्या रिग्रेशनला आपण नावं ठेवली, ते या एका तुलनेत जास्त प्रामाणिक ठरतं: फरक ०.३६ फेरी, मर्यादा उणे ०.३१ ते १.०३, म्हणजे शून्य फरकही त्यात बसतो. दोनच मोठ्या गटांच्या सरासऱ्या तोलायच्या असतील, तर ते फार फसवत नाही. एखाद्या माणसाचा अंदाज किंवा शून्यांचं प्रमाण विचारलं, की त्याचं पितळ उघडं पडतं.

म्हणून पुढची पायरी, निगेटिव्ह बायनॉमियल. १९२० साली ग्रीनवूड आणि यूल यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या अपघातांसाठी हीच कल्पना वापरली. प्रत्येकाचा स्वतःचा दर वेगळा, आणि ते दर एका पसरट वक्रावर विखुरलेले. मग व्हेरिअन्स म्हणजे सरासरी, अधिक सरासरीचा वर्ग भागिले थीटा. थीटा जितका लहान, तितकी माणसं एकमेकांपासून वेगळी. आपल्या आकड्यांतून थीटा सुमारे ०.४२ येतो. तो वापरून शून्य फेऱ्यांची माणसं मोजली तर येतात १०९. प्रत्यक्षात ११०. जवळ-लांबची तुलनाही आता १.३० पटच राहते, पण मर्यादा ०.८० ते २.१३. एवढ्या माहितीवर फरक आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही.

‘आर’ या संगणकीय भाषेत दोन्ही मॉडेल एकापाठोपाठ चालवून बघावीत:

```
m1 <- glm(visits ~ near + offset(log(months)), family = poisson)
sum(resid(m1, "pearson")^2) / df.residual(m1)
m2 <- MASS::glm.nb(visits ~ near + offset(log(months)))
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर एकच्या आसपास आलं तर पॉइसाँ पुरतं. दोन-तीनच्या पुढे गेलं, तर त्याच्या मर्यादांवर विसंबू नये. मात्र आधी एखादं महत्त्वाचं कारण, वय किंवा जुना आजार, समीकरणातून सुटलं नाही ना ते पाहावं, कारण तसं सुटलं तरी हा आकडा फुगतो. शून्यं खूप दिसली की लगेच शून्यांसाठी वेगळं मॉडेल काढायचीही घाई असते. आपल्याकडे निम्म्याहून जास्त शून्यं होती आणि तरी निगेटिव्ह बायनॉमियलने ती एकाच्या फरकाने सांगितली. वेगळं मॉडेल तेव्हा शोभतं, जेव्हा काही माणसांना त्या दवाखान्यात जाणंच शक्य नसतं, उदाहरणार्थ सगळे उपचार कंपनीच्या किंवा ईएसआयच्या दवाखान्यात घेणारे. त्यांचं शून्य निराळं, आणि ते कोण हे यादी करतानाच विचारून घेतलं तर मॉडेलवर ते ओळखण्याची वेळ येत नाही.