सर्दी-तापाच्या गोळ्या एकत्र घेण्यापूर्वी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गणपतीच्या दिवसांत आमच्या दुकानात सर्दी-तापाच्या गोळ्यांना मोठी मागणी असते. पाऊस सुरूच असतो, चाकरमानी रात्रभरचा प्रवास करून आलेले असतात, घर माणसांनी भरलेले असते आणि एकाची सर्दी दोन दिवसांत घरभर होते. मग प्रत्येकाच्या पिशवीतून एकेक पाकीट बाहेर पडते. कोणी मुंबईहून सर्दीची गोळी आणलेली असते, कोणाकडे आखातातल्या भावाने दिलेले पॅनाडोल असते, तर कपाटात गेल्या वर्षी गुडघ्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी उरलेल्या चार असतात. नाव, रंग आणि कंपनी निराळी असल्यामुळे औषधेही निराळी आहेत असा समज होतो; पण सर्दी, ताप आणि अंगदुखीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल हे एकच औषध असते आणि ते दोनदा, कधी तीनदा पोटात जाते.

क्रोसिन, कॅल्पोल आणि डोलो या नावांच्या साध्या गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉलच होय. पॅनाडोलही तेच. अमेरिकेहून आलेल्या गोळ्यांवर अ‍ॅसिटामिनोफेन असे छापलेले असते; तेही पॅरासिटामॉलचेच दुसरे नाव आहे. ही माहिती निदान काही जणांना असते. खरी अडचण संयुक्त गोळ्यांची असते. सर्दीच्या नेहमीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन आणि शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन घातलेले असते. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असलेल्या नावावरून यातले काहीच कळत नाही.

एका दिवसाचा हिशेब

उदाहरणादाखल पंचावन्न वर्षांच्या, साधारण ४५ किलो वजनाच्या एका गृहिणीचा दिवस पाहू. सकाळी कणकण वाटली म्हणून त्यांनी पाहुण्यांकडचे ५०० मिलिग्रॅमचे पॅनाडोल घेतले, तेही पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दोन गोळ्या. नाक चोंदले होते म्हणून सकाळी, दुपारी आणि रात्री सर्दीची एकेक गोळी घेतली. त्या प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. दुपारी ताप चढला म्हणून ६५०ची गोळी घेतली आणि तीच संध्याकाळी व झोपताना पुन्हा घेतली. मोदकांच्या गडबडीत पाठ भरून आली, म्हणून गुडघेदुखीच्या उरलेल्या गोळ्यांपैकी दोन, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर घेतल्या.

आता बेरीज करू. पॅनाडोलचे १०००, सर्दीच्या गोळ्यांचे १५००, ६५०च्या तीन गोळ्यांचे १९५० आणि अंगदुखीच्या दोन गोळ्यांचे ६५०, असे एकूण ५१०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमहून अधिक पॅरासिटामॉल एका दिवसात पोटात गेले. निरोगी, भरल्या अंगाच्या प्रौढ व्यक्तीसाठीही चोवीस तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. पन्नास किलोपेक्षा कमी वजन असलेल्यांसाठी, यकृताचा आजार असलेल्यांसाठी आणि रोज दारू घेणाऱ्यांसाठी ती आणखी खाली येते. या बाईंनी एकाही गोळीची ठरलेली मात्रा ओलांडलेली नव्हती. प्रत्येक गोळीची मात्रा पाळूनच त्या मर्यादेपलीकडे गेल्या, आणि म्हणूनच ही चूक करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मर्यादा ओलांडल्यावर बिघडते ते यकृत. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृतात निरुपद्रवी होऊन लघवीवाटे बाहेर पडतो, पण थोड्या भागाचे विषारी द्रव्य तयार होते आणि ते निष्प्रभ करण्यासाठी यकृताजवळ एका रक्षक पदार्थाचा मर्यादित साठा असतो. औषध जास्त झाले की हा साठा संपतो आणि विषारी द्रव्य यकृताच्या पेशींवरच हल्ला करते. तापामुळे दोन-तीन दिवस नीट जेवण गेले नसेल, उपवास घडला असेल किंवा दारूची सवय असेल, तर साठा मुळातच कमी असतो. त्यामुळे आजारपणात अन्न न गेलेल्या माणसाने हिशेब अधिक काटेकोर ठेवावा, असे आम्ही आवर्जून सांगतो.

पॅरासिटामॉलखेरीज दुसरी पुनरावृत्ती

पॅरासिटामॉल आपल्याकडे निदान त्याच नावाने छापलेले असते. शिंका आणि वाहते नाक थांबवणाऱ्या औषधांचे तसे नाही. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या बाटलीत डायफेनहायड्रामिन आणि अंगावर पित्त उठते म्हणून चालू असलेली सेटिरिझिनची गोळी, ही तीन नावे वेगळी असली तरी औषधे एकाच कुळातली आहेत आणि एकत्र घेतली की त्यांची गुंगी वाढत जाते. पावसाळी बंदी उठल्यानंतर पहाटे ट्रॉलरवर जाणारे आमचे खलाशी बांधव, घाटातून गाडी चालवणारे आणि माडावर चढणारे यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल, तर याच औषधांमुळे लघवी अडकू शकते, आणि काचबिंदू असलेल्यांनीही ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

फेनिलेफ्रिनबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. ते रक्तदाब वाढवू शकते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी सर्दीची संयुक्त गोळी परस्पर घेऊ नये. शिवाय गोळीवाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनने चोंदलेले नाक मोकळे होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ साली काढला. एवढे असूनही ते आपल्याकडच्या अनेक गोळ्यांत आहे आणि ग्राहक त्या मागतातही. आमचे स्वतःचे मत असे की, साध्या सर्दीत या घटकावाचून काही अडत नाही.

आम्ही सुचवतो ती साधी पद्धत

घरात साध्या पॅरासिटामॉलचे एकच पाकीट ठेवावे, ५००चे किंवा ६५०चे, पण दोन्ही नकोत. ताप किंवा अंगदुखी असेल तेव्हाच एक गोळी घ्यावी, पुढची गोळी सहा तासांनंतर, आणि तीही गरज असेल तरच. ६५०च्या गोळ्या दिवसात चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. त्या चार गोळ्यांचे २६०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे निरोगी प्रौढ माणूस कमाल मर्यादेच्या बराच आत राहतो. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल, तर दिवसाला किती गोळ्या चालतील हे आधी विचारून घ्यावे. गोळी घेतली की पाकिटावरच पेनाने वेळ लिहावी, कारण तापात माणसाला सकाळी काय घेतले ते संध्याकाळी आठवत नाही आणि घरातले दुसरे कोणी काळजीपोटी आणखी एक गोळी हातावर ठेवते.

नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरतात. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब लगेच गुण देतात, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते. घशासाठी गरम पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि खोकल्यासाठी मध घ्यावा. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. शिंकांनी हैराण झाल्यास कोणती एक गोळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. अँटिबायोटिकचा सर्दीवर उपयोग होत नाही आणि चिठ्ठीशिवाय ते आम्ही देत नाही.

संयुक्त गोळीच घ्यायची असेल, तर तेवढी एकच घ्यावी आणि ती चालू असेपर्यंत पॅरासिटामॉलचे दुसरे पाकीट उघडू नये. लहान मुलांसाठी मात्र संयुक्त औषध परस्पर देऊच नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात कळवले आहे. तापाच्या बाटल्यांतही फरक असतो: एका बाटलीच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, तर दुसरीत २५० मिलिग्रॅम असते. जुनी संपली म्हणून नवी आणली आणि चमचा तोच ठेवला, तर मात्रा दुप्पट होते. मुलाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून बाटली घेताना वजन सांगावे.

कापलेल्या पाकिटांविषयी

दोन-चार गोळ्या सुट्या मागितल्या की पाकीट कापावे लागते आणि घटकांची नावे छापलेला भाग कधी कधी दुसऱ्या तुकड्यावर राहतो. पुढे सहा महिन्यांनी तो तुकडा हातात येतो तेव्हा त्यावर ना घटक कळतात, ना मुदत. आमच्याकडून सुट्या गोळ्या नेताना लिफाफ्यावर घटक, मात्रा आणि मुदत लिहून घ्यावी. गर्दी असली तरी आम्ही लिहून देऊ. ज्या तुकड्यावर काहीच वाचता येत नाही, तो टाकून द्यावा.

पावसाळ्यातला ताप

आपल्या भागात चिखलणी-लावणीच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत येणारा प्रत्येक ताप सर्दीचा नसतो. शेताच्या पाण्यात पाय बुडवून काम केल्यावर थंडी-ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळे लाल होणे ही लेप्टोची लक्षणे असू शकतात. नाक वाहत नसताना केवळ ताप आणि अंगदुखी असेल, तर डेंग्यू आणि मलेरियाचाही विचार करावा लागतो. डेंग्यू नाही हे रक्ततपासणीने ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन असलेली अंगदुखीची गोळी घेऊ नये, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा वरील लक्षणांपैकी एखादे पहिल्याच दिवशी दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्यावे. तीन प्रकारच्या गोळ्यांनी ताप दाबून ठेवला, तर तपासणीला जायलाच उशीर होतो.

मात्रा जास्त झाल्याचे लक्षात आल्यास

पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, फार तर मळमळ किंवा उलटी होते, आणि आजारपणात ती तापाचीच वाटते. बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे आणि डोळे पिवळे होणे ही लक्षणे एक ते चार दिवसांनी दिसतात, तेव्हा यकृताला इजा झालेली असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता, बेरीज ४ ग्रॅमच्या वर गेल्याचे कळताच, आणि वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याआधीच, रुग्णालयात जावे. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे आणि पहिल्या आठ तासांत दिल्यास त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. जाताना घरातली सगळी पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, बरोबर न्यावीत आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते एका कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे.