सहावा कोडॉन आणि एकविसावं गुणसूत्र : जेनेटिक्सच्या टेस्टआधीच्या नोट्स

सगळा चॅप्टर पाठ करत बसण्यापेक्षा एकच जनुक धरा, बीटा ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधली एक साखळी बनवणारं, ते ११ नंबरच्या गुणसूत्रावर असतं. म्युटेशनचे बरेचसे प्रकार या एकाच जागेवर दाखवता येतात.

आधी डीएनए, पटकन. दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले, बाहेरून साखर आणि फॉस्फेट, आत बेसच्या जोड्या. A समोर T, दोन हायड्रोजन बंध. G समोर C, तीन बंध. धागे उलट दिशेने धावतात, एक 5'→3' तर दुसरा 3'→5', हे लिहिलं नाही तर मार्क जातो. वॉटसन आणि क्रिक, १९५३, आणि त्यामागे रोझलिंड फ्रँकलिनचा एक्स-रे फोटो, तो विसरू नका.

आता मुद्द्याचं. तीन अक्षरांचा एक कोडॉन, एका कोडॉनचं एक ॲमिनो ॲसिड. बीटा ग्लोबिनचा सहावा कोडॉन GAG आहे, म्हणजे ग्लुटामिक ॲसिड (सुरुवातीचा ATG मोजायचा नाही, तो मोजला की हाच सातवा होतो, काही पुस्तकांत म्हणून ७ दिसतो, घाबरू नका). मधला A जाऊन T आला की GTG, म्हणजे व्हॅलिन. झाला सिकलसेल. ग्लुटामिक ॲसिडवर ऋण भार असतो, त्याला पाणी चालतं, व्हॅलिन पाण्यापासून पळतं, त्यामुळे ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतं, त्याला तिसरं चिकटतं, असे लांब दोरे तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत संपते. पण दोन्ही जनुकं बिघडलेली असतील तर हे, एकच असेल तर माणूस वाहक, सहसा त्रास नाही.

त्याच GAG चा पहिला G जाऊन A आला तर AAG, लायसिन, हा हिमोग्लोबिन सी, आजार बराच सौम्य. आणि शेवटच्या G जागी A आला तर GAA, तेही ग्लुटामिक ॲसिडच, प्रोटीन जसंच्या तसं! याला सायलेंट म्युटेशन म्हणतात.

पण मधला A बदलला नाही, नुसता गळाला तर? पाचव्या कोडॉनपासून बघा:

```
नेहमीचं: CCT GAG GAG AAG TCT GCC ...
A गळून : CCT GGG AGA AGT CTG CCG TTA CTG CCC TGT GGG GCA AGG TGA
```

पुढचे सगळे कोडॉन एका अक्षराने सरकले, हाच फ्रेमशिफ्ट, आणि अठराव्या जागी TGA आला, तो स्टॉप. १४६ ॲमिनो ॲसिडची साखळी १७ वरच थांबली, म्हणजे बीटा साखळी तयारच होत नाही, हा बीटा थॅलेसेमिया. बदलण्यापेक्षा गळणं महागात पडतं ते यामुळे, आणि फ्रेमशिफ्ट विचारला की हेच उदाहरण लिहा. तीन अक्षरं गळाली असती तर फ्रेम सरकली नसती, हा प्रश्न हमखास येतो.

ओळखायचं कसं? इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे वीज लावून प्रोटीन धन टोकाकडे पळवतात तेव्हा, सिकलचं हिमोग्लोबिन मागे राहतं, कारण ऋण भार कमी झाला, आणि सी त्याच्याही मागे, कारण लायसिनवर धन भार असतो. कॅरिओटाइप काढून मात्र यातलं काहीच दिसणार नाही. तिथे मायक्रोस्कोपखाली ४६ गुणसूत्रं मोजतात, पट्टे बघतात, आणि एका पट्ट्यात लाखो अक्षरं असतात. एक अक्षर कुठून दिसणार?

कॅरिओटाइपचं काम संख्येचं. ४५,X टर्नर, ४७,XXY क्लाइनफेल्टर, आणि २१ नंबर तीनदा आलं तर डाऊन, लजून यांनी १९५९ मध्ये दाखवलं. कारण नॉन-डिसजंक्शन, म्हणजे मिओसिसमध्ये जोडी सुटत नाही. पहिल्या विभाजनात अडकली तर चारही पेशी चुकीच्या, दोनात एक जास्त, दोनात एक कमी. दुसऱ्यात, एकाच पेशीत अडकली तर दोन नीट, एक जास्त, एक कमी. आकृती स्वतः एकदा काढून बघा, पाठ करू नका.

आणि इथे एक गोची आहे. थोड्या डाऊन केसेसमध्ये मोजलं तर ४६ च भरतात. कारण जास्तीचं २१ नंबर दुसऱ्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ ला, चिकटलेलं असतं, दोघं मिळून एकच मोजलं जातं. आईवडिलांपैकी एकाकडे हे चिकटलेलं गुणसूत्र असेल तर त्यांची संख्या ४५ आणि तब्येत ठणठणीत. म्हणून असं दिसलं की डॉक्टर आईवडिलांचाही कॅरिओटाइप काढायला सांगतात.