दरवर्षीचं डॉलर पेमेंट: बजेटात किती रुपये धरायचे?
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचे बरेच ग्राहक छोटे कारखानदार आहेत. त्यांच्याकडे डिझाइनचं किंवा मशीन प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर असतं आणि त्याची लायसन्स फी वर्षातून एकदा डॉलरमध्ये जाते. मार्चमध्ये बजेट मांडताना प्रश्न एकच येतो: पुढच्या मार्चमध्ये डॉलर काय भावाने पडेल? बहुतेक ठिकाणी आजचा दर घेतात, अंदाजाने दोन-तीन रुपये वाढवतात आणि पुढे जातात. ते दोन-तीन रुपये कुठून आले, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे फी महाग पडली की दोष हिशेबनिसाचा आणि स्वस्त पडली की श्रेय नशिबाचं, असं चालतं.

आम्ही हे वेगळ्या पद्धतीने करतो. दर किती होईल हे आम्ही सांगत नाही, कारण ते कोणालाच ठाऊक नसतं. दर कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो आणि त्यातला किती भाग पैशांची तजवीज करण्याजोगा आहे, ते आम्ही काढून देतो.

समजा एक मडकं आहे. मागच्या पंधरा वर्षांतल्या प्रत्येक महिन्यात डॉलर किती टक्के वर-खाली झाला, ते एकेका चिठ्ठीवर लिहून मडक्यात टाकलं. म्हणजे १८० चिठ्ठ्या झाल्या. आता डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, आजच्या दरावर तेवढा बदल करा, चिठ्ठी परत टाका आणि पुन्हा काढा. असं बारा वेळा केलं की एक काल्पनिक वर्ष तयार झालं आणि त्याच्या शेवटी एक दर मिळाला. कॉम्प्युटर हेच ५,००० वेळा करतो. मग ते ५,००० दर लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत लावायचे. रांगेतला ५०० वा दर ही खालची हद्द, ४,५०० वा ही वरची, आणि बरोबर मधला दर म्हणजे निम्मी वर्षं ज्याच्या खाली आणि निम्मी वर राहिली तो. या दोन हद्दींमधल्या भागाला आम्ही पट्टा म्हणतो.

या रीतीला माँटे कार्लो म्हणतात. स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती १९४६ मध्ये आजारपणातून बरे होत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढणं किचकट होतं. तेव्हा त्यांना सुचलं की शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजणं जास्त सोपं. नाव मोनॅको देशातल्या जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या जागेचं आहे. आपल्या कामात जुगार मुळीच नाही.

चिठ्ठ्या टाकण्याआधी दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली अशी: प्रत्येक चिठ्ठीतून सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी वजा करायची आणि तिच्या जागी बँकेच्या फॉरवर्ड प्रीमियमचा एका महिन्याचा हिस्सा बसवायचा. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असतं तेव्हा बँक वर्षभरानंतरच्या डॉलरचा भाव आजच्यापेक्षा चढा सांगते. हा भाव म्हणजे फॉरवर्ड आणि आजच्या दराशी त्याचा फरक म्हणजे प्रीमियम. तो भाव आज प्रत्यक्ष बांधून घेता येतो, म्हणून पट्ट्याचा मध्य तिथे ठेवणं योग्य. मागच्या पंधरा वर्षांत रुपया अमुक इतका घसरला, म्हणून पुढेही तेवढाच घसरेल, असं गृहीत धरायला आधार नाही.

दुसरी दुरुस्ती अशी की चिठ्ठ्या सुट्या काढायच्या नाहीत, सलग तीन महिन्यांच्या जुड्या काढायच्या. वाईट महिने एकटे येत नाहीत. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करणार, असे संकेत मिळाले आणि २८ ऑगस्टला दर ६८ च्या पुढे गेला. जून, जुलै, ऑगस्ट या तिन्ही चिठ्ठ्या एका सुरात होत्या. त्या सुट्या केल्या की एकाच काल्पनिक वर्षात तिन्ही एकत्र येण्याची वेळ फार क्वचित येते आणि पट्टा खऱ्यापेक्षा अरुंद दिसतो.

आता आकड्यांत पाहू. समजा फी ४०,००० डॉलर आहे, बरोबर वर्षाने भरायची आहे, आजचा दर ९० आहे आणि बँक वर्षभरानंतरचा फॉरवर्ड ९१.८० सांगते. तुम्हाला स्वतः पडताळता यावं म्हणून इथे मडक्याऐवजी सोपं सूत्र वापरलं आहे आणि वर्षाचा चढउतार ५ टक्के धरला आहे. एक्सेलमध्ये पहिल्या खान्यात ही ओळ टाका आणि ५,००० ओळींपर्यंत खाली ओढा:

```
=91.80*EXP(-0.5*0.05^2+0.05*NORM.S.INV(RAND()))
```

वरची हद्द बाजूच्या खान्यात अशी मिळेल. खालच्या हद्दीसाठी 0.9 च्या जागी 0.1 लिहा:

```
=PERCENTILE.INC(A1:A5000,0.9)
```

मधला दर सुमारे ९१.७० येईल, खालची हद्द ८६ च्या आसपास आणि वरची ९७.७५ च्या आसपास. रुपयांत पाहिलं तर मधला खर्च ३६.६७ लाख आणि पट्टा ३४.४० लाखांपासून ३९.१० लाखांपर्यंत. F9 दाबलं की आकडे थोडे हलतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ५,००० ओळी असताना वरची हद्द साधारण दहा-बारा पैशांनी हलते. १०० च ओळी घेतल्या तर ती ऐंशी पैशांच्या पुढेही सहज हलेल, म्हणजे ४०,००० डॉलरवर तीसेक हजारांचा फरक फक्त कमी ओळींमुळे. ओळी वाढवायला खर्च येत नाही, तेव्हा त्यात काटकसर करू नका.

हा पट्टा बजेटात असा वापरा. खर्चाच्या मुख्य ओळीत ३६.६७ लाख लिहा आणि वरचे २.४३ लाख वेगळी राखीव म्हणून दाखवा. पुढची वर्षं आपण मांडली तशीच निघाली तर दहापैकी नऊ वेळा दोन्ही मिळून पैसे पुरतील आणि एक वेळ कमी पडतील. ती एक वेळ झेपणार नसेल तर रांगेतला ४,७५० वा दर घ्या, म्हणजे सूत्रात 0.9 च्या जागी 0.95 लिहा. राखीव सुमारे सत्तर हजारांनी वाढेल. कितवा दर घ्यायचा हे तुमच्या खेळत्या भांडवलावर ठरतं, गणितावर नाही, म्हणून हा प्रश्न आम्ही नेहमी मालकांनाच विचारतो.

खरा धोका ५ टक्के या आकड्यात आहे. त्या जागी अडीच टक्के घातले तर वरची हद्द ३९.१० वरून ३७.९० लाखांवर येते, आणि ८ टक्के घातले तर ४०.५५ लाखांवर जाते. सूत्र तेच, ओळी तेवढ्याच, तरी अडीच लाखांहून जास्त फरक पडतो. मडक्याचंही तसंच आहे: आत जे टाकाल तेच बाहेर येईल.

ही चूक आम्ही स्वतः केली आहे. २०२३ मध्ये डॉलर जवळपास वर्षभर ८१ ते ८३ च्या पट्ट्यात राहिला आणि २०२४ मध्येही फार हलला नाही. रिझर्व्ह बँक बाजारात डॉलरची खरेदी-विक्री करून हेलकावे दाबते, त्यामुळे अशी शांत वर्षं येतात. २०२४ च्या शेवटी एका ग्राहकासाठी आम्ही फक्त त्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या घेतल्या, कारण ताजी माहिती जास्त खरी असं आम्हाला वाटलं. वरची हद्द ८८ च्या थोडी वर आली. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० ओलांडले आणि त्यांना डॉलरमागे जवळपास दोन रुपये जास्त मोजावे लागले. पट्टा सुबक आणि अरुंद दिसत होता, म्हणूनच तो आम्हाला पटला होता. तेव्हापासून २०१३, २०१८ आणि २०२२ ही रुपया जोरात घसरलेली तीन वर्षं मडक्यात असल्याशिवाय आम्ही पट्टा देत नाही.

पट्टा अरुंद तर नाही ना, हे ओळखायची एक रीत आहे. मागच्या प्रत्येक वर्षाच्या १ एप्रिलला उभे आहोत असं समजा, फक्त त्या दिवसापर्यंतच्या चिठ्ठ्या वापरून पट्टा काढा आणि पुढच्या १ एप्रिलचा खरा दर त्याच्याशी ताडून पाहा. पंधरा वर्षांत एक-दोनदा दर वरच्या हद्दीबाहेर गेला तर ठीक. चार-पाचदा गेला तर मडक्यात काहीतरी कमी आहे. प्रत्येक पट्ट्यासोबत हा ताळा आम्ही तुम्हाला छापून देतो. जुन्या दरांसाठी एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते तो संदर्भ दर वापरतो. जुलै २०१८ पूर्वी तोच दर रिझर्व्ह बँक स्वतः जाहीर करत असे.

पट्टा हातात आला की फॉरवर्डचा निर्णयही सोपा होतो. निम्मे, म्हणजे २०,००० डॉलर आज ९१.८० ने बांधले तर तेवढ्याचे १८.३६ लाख पक्के झाले. उरलेल्या निम्म्यावरच अनिश्चितता राहते आणि एकूण पट्टा ३५.५६ ते ३७.९१ लाख होतो. रुंदी ४.७० लाखांवरून २.३५ लाखांवर येते. रुपया मजबूत झाला तर मिळणारा फायदाही त्याबरोबर निम्मा होतो. बँक फॉरवर्डसाठी मर्यादा मंजूर करते किंवा एफडी तारण मागते, तोही खर्च मनात धरा. सगळी रक्कम बांधावी का, यावर आमचं मत असं: राखीव ठेवायला पैसेच नसतील तर बांधा. नाहीतर निम्म्यापासून सुरुवात करा.

काही गोष्टी या पट्ट्यात येत नाहीत. वरचे सगळे दर बाजाराचे आहेत. तुमची बँक त्यावर स्वतःचा मार्जिन लावते, आणि ५० पैसे लावला तरी ४०,००० डॉलरवर २०,००० रुपये होतात. टीडीएस आणि जीएसटीचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय फी डॉलरमध्येच वाढू शकते. कंपनीने वाढीची सूचना दिली असेल तर आधी सांगा, ४०,००० ऐवजी तो आकडा घेऊ.

एकदा काढलेला पट्टा वर्षभर तसाच ठेवायचा नाही. दर तीन महिन्यांनी त्या दिवसाचा दर आणि उरलेले महिने घेऊन तो पुन्हा काढावा लागतो. सहा महिने उरले की ५ टक्क्यांच्या जागी सुमारे साडेतीन टक्के येतात आणि पट्टा आपोआप आवळतो. राखीव त्यानुसार मोकळी करता येते किंवा वाढवता येते, आणि ते मार्चच्या धावपळीत कळण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये कळलेलं बरं.

पट्टा काढायला येताना मागच्या वर्षीचं इनव्हॉइस, पैसे भरायची तारीख, बँकेने मागच्या वेळी लावलेला दर दाखवणारी ॲडव्हाइस आणि बँकेकडून घेतलेला ताजा फॉरवर्ड भाव आणा. ॲडव्हाइस सापडत नसेल तर शाखेतून तिची प्रत मागून घ्या. तिच्यावरचा दर आणि त्या दिवसाचा संदर्भ दर यांतला फरक पाहिला की तुमच्या बँकेचा मार्जिन साधारण किती आहे ते कळतं.